बिनपावतीचे दोन हजार

नागापूरच्या दोन खोल्या सोडताना माझा जीव अडकला होता तो दोन हजार रुपयांत. मिस्टरांना शिर्डीच्या एका हॉटेलात मोटारी-जनरेटर सांभाळायचं काम मिळालं होतं. राहात्यात घर बघितलं होतं, पण तिथला मालक पाच हजार डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली देणार नव्हता. इकडे घरमालक काकांकडे आमचे पाच हजार होते खरे, पावती मात्र तीनचीच. उरलेले दोन हजार मिस्टरांनी पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून दिले होते आणि पावती मागायला त्यांना लाज वाटली होती. भल्या माणसाशी लग्न केलं की असले हिशेब बायकोच्या वाट्याला येतात.

त्यातून काकांचं आणि माझं पाण्यावरून कायम वाजायचं. तेव्हा ते दोन हजार बुडाले असंच मी धरून चालले होते. भांडणाची तयारीही करून ठेवली होती.

सामान हलवायच्या दोन दिवस आधी काका सबमीटरचं रीडिंग घेऊन गेले. मोऱ्या, कड्या, खिडक्या, सगळं निरखून बघितलं. मी मनात म्हटलं, आता भिंतींच्या चुन्याचेही पैसे कापणार.

संध्याकाळी ते पाकीट आणि चिठ्ठी घेऊन आले. मिस्टरांनी चिठ्ठी वाचून दाखवली.

"डिपॉझिट जमा: प्रथम तीन हजार, नंतर दिवाळीत दोन हजार. दुसऱ्या रकमेची पावती द्यायची माझ्याकडून राहिली, ही चूक माझी. वजा: या महिन्याचं लाईटबिल पंच्याऐंशी रुपये, फुटलेली काच साठ. चुन्याचे काही नाहीत, इतक्या वर्षांनी तो मीच द्यायचा असतो. भाडं चुकतं झालं आहे. परत चार हजार आठशे पंचावन्न. किल्ली नंतर दिली तरी चालेल, तुम्हाला तिकडे आधी पैसे भरावे लागतील. तुमच्या मुली माझ्या अंगणात वाढल्या. वहिनींनी पाण्यावरून मला पुष्कळ ऐकवलं, पण माझी मंडळी दवाखान्यात होती तेव्हा दोन्ही वेळचा डबा त्यांनीच पाठवला. पाडव्यापर्यंत दुसरा भाडेकरू ठेवत नाही. तिकडे करमलं नाही तर परत या."

मिस्टरांनी रेव्हेन्यू तिकिटावर सही करून पैसे मिळाल्याची पावती दिली. काकांनी पाकीट माझ्यापुढे धरलं.

"मोजून घ्या वहिनी. मागनं म्हनाल, कमी हुतं."

भांडायला काही उरलंच नव्हतं. मी नोटा मोजायला घेतल्या, पण डोळे इतके भरून आले की मला एकही नोट दिसेना. शेवटी काकांनीच त्या माझ्या हातातून घेतल्या आणि मोठ्यानं मोजून दिल्या.