एकशे ऐंशीचा भाव

साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा मुंबईत शेअरदलालाच्या पेढीत आकडेमोड करत होतो. कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, पुढच्या वर्षी एका शेअरमागे किती नफा होईल ते काढायचं, त्याला बाजारात चालणाऱ्या पटीने गुणायचं, की झाला बारा महिन्यांतला अपेक्षित भाव. मग खाली शिफारस : घ्या, ठेवा किंवा विका. पत्रक छापून गिऱ्हाइकांना टपालाने जायचं. ‘विका’ छापलेलं पत्रक मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलं नाही, आता बोला!

एका यंत्रांच्या कंपनीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. तिने मोटार पाठवून कारखाना दाखवला, जेवायला कोंबडी घातली, निघताना खिशाला फाउंटन पेन लावलं. मी नऊ रुपये नफा, अकरा पट, भाव नव्व्याण्णव असं मांडलं. बाजारात तेव्हा एकशे दहा चालला होता. म्हणजे सरळ विकाच.

पेढीच्या शेठनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. “अरे, हिचे नवे शेअर येतायत. शंभर रुपयांना एक. खपवायचे आपण, कमिशन आपलं आणि न खपलेले गळ्यात पण आपल्याच! तू विका लिहितोस?”

मग त्या नव्या शेअरांच्या पैशांतून येणारी यंत्रं पहिल्या दिवसापासून पूर्ण चालणार असं धरलं. त्या यंत्रांचा नफा मिळवला, पण भागलं मात्र जुन्याच शेअरांनी. नवे शेअर आले की त्याच नफ्याला वाटेकरी वाढणार, हे शेंबडं पोरही सांगेल. नऊचे बारा झाले. अकरा पटीची पंधरा पट शेठनी स्वतःच्या हाताने केली. एकशे ऐंशी. घ्या! कमिशनबद्दल पत्रकात चकार शब्द नाही. मी मान डोलावली. वर एक प्रत मामाला पाठवली, समासात ‘हे माझे काम’ असं लिहून. काय ही हौस!

मामाचं गाव तळेऱ्याहून देवगडकडे फुटणाऱ्या रस्त्यावर. मामा आंब्याच्या बागांचा अंदाज काढायचा. आंबा झाडावर असतानाच बागेचं पीक विकलं जायचं, तेव्हा किती आंबा उतरेल ते मामा सांगायचा आणि त्यावर सौदा ठरायचा. अंदाजाच्या दिवशी तो बागवाल्याकडे पाणी प्यायचा नाही की व्यापाऱ्याकडे. तांब्या घरून न्यायचा. लोक हसायचे, पण त्याच्या आकड्यावर घासाघीस करत नसत.

त्याने स्वतः कातळावर नवी कलमं लावली होती आणि विहिरीसाठी पैसे साठवले होते. पत्रक मिळताच त्याचं पत्र आलं : बावीचे पैसे पाठवतो, वर्षभरात एकशे ऐंशी होतत तर आमकाही घेऊन दी.

तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण तोवर आमच्याच पत्रकाने भाव एकशे चोवीसवर नेला होता. माझाच खोटा आकडा खरा व्हायला लागला, तसा माझाच त्याच्यावर विश्वास बसला. गाढवपणा, दुसरं काय! नवे शेअर यायची वाट न बघता बाजारातून एकशे चोवीसला घेतले. नवे शेअर खपले, पेढीला कमिशन मिळालं, आणि वर्षाच्या आत भाव ऐंशीवर आला. मी विका म्हटलं, तर शेठ म्हणाले, “कंपनी उद्या दारात उभी करणार नाही आपल्याला. पुढचे शेअर दुसरा खपवील.” पत्रकात ‘ठेवा’ आलं.

मे महिन्यात गावी गेलो. विहीर नव्हती, हे सांगायला नकोच. मामी खालच्या वहाळातून कळशी डोक्यावर घेऊन कातळ चढत होती. एका कलमाला एक कळशी. मी हात पुढे केला तर म्हणाली, “ऱ्हवांदे रे, तुका सवय नाय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओसरीवर मी मामाला सगळं समजावू लागलो : नफा, पट, बाजाराचा कल.  मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ता सगळा ऱ्हवांदे,” तो म्हणाला. “अंदाज काढूक गेललंस तेव्हा च्या कोणाची पिलंस?”

माझा हात खिशाकडे गेला. पेन खिशालाच होतं. मग सांगून टाकलं, मोटार, कोंबडी, कमिशन, सगळंच. 

तेवढ्यात मामी आतून चहाचा एकच कप घेऊन आली. कोणाला द्यावा म्हणून थबकली.

“ह्याका दी गो,” मामा म्हणाला. “हो कोणाची पण पिता.”