नमुना क्रमांक दोन

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी नोट्स विभाग सांभाळत होतो, तिथे एकदा कंटेंट रायटरची जागा भरायची होती. जाहिरात मीच लिहिली होती. लिखाणाचे तीन नमुने, विषयाचं ज्ञान आणि संपादनाचा अनुभव, एवढ्या तीनच अटी. लिहिताना त्या सोप्या वाटल्या होत्या. अर्ज तपासायला बसलो तेव्हा कळलं की तिन्हींतली एकही धड तपासता येत नाही.

याचं कारण आमच्या धंद्यातच होतं. क्लासच्या नोट्सवर लिहिणाऱ्याचं नाव कधीच छापत नाहीत. मुखपृष्ठावर संचालकांचा फोटो, आत संचालकांचं मनोगत, आणि लिहिणारा पगारपत्रकात. त्यामुळे कुणी छापील पान नमुना म्हणून जोडलं, तर ते त्यानंच लिहिलं हे ठरवायचं कशावरून? त्यात सगळ्या क्लासच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानांतून इकडच्या तिकडे फिरायच्या. नांदेडचं पान लातूरला, लातूरचं उदगीरला.

देगलूरच्या एका बाईंचा अर्ज मला पहिल्या वाचनातच आवडला. भूगोलात एम.ए., नांदेडच्या एका क्लासमध्ये चार वर्षं लेखन आणि संपादन. क्लास बंद पडल्यामुळे अनुभवाचं पत्र नाही, हेही त्यांनी सरळ लिहिलं होतं. त्याऐवजी लाल पेनानं दुरुस्त केलेली प्रुफं जोडली होती. ती पाहून मी सुखावलो. नुसतं शुद्धलेखन नव्हतं त्यात. एका ठिकाणी त्यांनी समासात लिहिलं होतं, ‘आकृती आणि मजकूर जुळत नाहीत, लेखकाला विचारा.’ संपादनाच्या रकान्यात मी दहापैकी नऊ गुण टाकले.

मग नमुना क्रमांक दोन उघडला आणि माझं डोकं चालेना.

तो भूकंपलहरींवरचा धडा होता. सुरुवात एका घरापासून. पहाटे आधी मांडणीवरची भांडी वाजली. आई उठून बसली, मांजर असेल म्हणाली, हाकलायला दारापर्यंत गेली, आणि मग खाट हलली. आधी येणारी ती प्राथमिक लहर, मागून येणारी दुय्यम. हा परिच्छेद आमच्या पुस्तकात होता. संचालक तो प्रत्येक नव्या बॅचला स्वतः वाचून दाखवत आणि माझ्याकडे बोट करून सांगत, “हे किल्लारीच्या भूकंपातून आलेत, म्हणून असं लिहितेत.” त्या परिच्छेदावरच मी साध्या शिक्षकाचा विभागप्रमुख झालो होतो.

बाईंनी माझं लिखाण चोरलं, असं मला दिवसभर खरोखर वाटत होतं. रागही आला. पण संध्याकाळी तो नमुना पुन्हा हातात घेतला आणि एक जुनं, मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक आठवायला लागलं. कुण्या विद्यार्थ्यानं नांदेडहून आणलेली झेरॉक्स. छपाईची घाई होती, भूकंपाचा धडा बाकी होता, आणि मी त्यावरून... उतरवून घेतला होता की नुसता वाचला होता? मला धड आठवेना. आमच्या घरातली मांडणी डोळ्यांसमोर येत होती, भांडी वाजतानाही येत होती. ती मी ऐकली होती की वाचली होती, तेच कळेना. माणूस आपल्याच आठवणीला असा परका होतो, याची मला लाज वाटली.

मुलाखतीला संचालक आणि मी, दोघंच होतो. बाई बसल्या नाहीत तोच संचालकांनी आमचं पुस्तक आणि तो नमुना शेजारी शेजारी ठेवले.

“मॅडम, दुसऱ्याचं पान जोडून नोकरी मागायलात का तुम्ही? हे आमच्या सरांनी लिहिलेलं हाय.”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. हे मी लिहिलंय, एवढंच म्हणाल्या. पुरावा मागितला तर त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि कुणाकडे असणारही नव्हतं. नांदेडची नोकरी गेली, आता चोरीचा शिक्का घेऊन देगलूरला परत जायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तेवढंच सुचलं.

पाणी न पिता त्यांनी आमचं पुस्तक ओढून घेतलं आणि वाचायला लागल्या. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं. त्यांच्या नमुन्यात नुसतं ‘एका घरात’ होतं. आमच्या पुस्तकात ‘किल्लारीजवळच्या एका घरात’ होतं.

“सर, हे चुकलंय,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “दोन्ही लहरी एकाच वेळी निघतात. जितकं लांब जावं, तितकं दोघींतलं अंतर वाढतं. भांडी वाजल्यावर माय दारापर्यंत गेली, म्हणजे ते घर भूकंपापासून लांब असणार. हे आमचं देगलूरचं घर हाय. किल्लारीजवळ एवढा वेळ कुणाला मिळाला असता?”

मला मिळाला नव्हता. ते त्या क्षणी मला लख्ख आठवलं. आमच्याकडे काही वाजलं नव्हतं. एकदम सगळंच आलं होतं. मी झोपेतून उठलो तो मातीतच. ‘किल्लारीजवळच्या’ हा शब्द मीच घातला होता, पान आपलं वाटावं म्हणून. जगात ही चूक ओळखायला सगळ्यांत लायक मी होतो, आणि ती केली होती मीच.

गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. संचालकांना लहरींतलं काही कळलं नव्हतं, ते माझ्याच उत्तराची वाट पाहत होते. गप्प राहावंसं वाटलं, हेही सांगून टाकतो.

“पान त्यांचंच हाय,” मी म्हणालो. “मी नांदेडच्या झेरॉक्सवरून उतरवलं होतं.”

संचालकांनी आमचं पुस्तक मिटलं. मग त्यांनी विचारलं, “मग तुमचे नमुने कोणते?”

त्यांनी ते रागानं विचारलं नव्हतं, खरंच गोंधळून विचारलं होतं. मी कपाटातल्या पुस्तकांच्या रांगेकडे पाहिलं. कितीतरी पानं माझ्या हाताखालून गेली होती. बोट ठेवून हे माझं असं म्हणावं, असं एक पान मला त्या दिवशी सापडलं नाही. माझ्याच जाहिरातीला मी अर्ज केला असता, तर पहिल्याच अटीत नापास झालो असतो.

बाईंना नोकरी मिळाली. मला काढलं नाही, पण बॅचपुढे माझ्याकडे बोट करणं बंद झालं. नव्या आवृत्तीचं काम बाईंनी त्याच धड्यापासून सुरू केलं. ‘किल्लारीजवळच्या’ खोडून ‘देगलूरच्या’ केलं आणि खाली कोरी जागा सोडून कागद माझ्या टेबलावर ठेवला. समासात लाल पेनानं लिहिलं होतं, ‘जवळच्या घरात काय होतं, हे मुलांना कळायला हवं. लेखकाला विचारा.’

मला वाटलं, एखादा संदर्भग्रंथ पाहायला सांगताहेत. कोणत्या लेखकाला विचारू, असं मी त्यांना विचारलं.

“तुम्हालाच, सर,” त्या म्हणाल्या.

चार ओळी लिहायला मला आठवडा लागला. मांडणीवरची भांडी त्यात नव्हती.