तिच्या चहाचे दहा रुपये

रोह्याला स्टेशनाबाहेर माझी चहाची टपरी आहे. पूर्वी धंदा जोरात असूनही दूधवाल्याला द्यायला पैसे नसायचे, कारण घरची भाजी, औषधं सगळं गल्ल्यातूनच जायचं. शेवटी बायकोने घरखर्चासाठी वेगळा डबा केला. आठवड्याला गल्ल्यातून माझा ठरलेला पगार त्यात पडायचा, आणि घर त्यावरच चालवायचं. घरी नेलेल्या दुधाचे, आम्ही प्यायलेल्या चहाचेसुद्धा पैसे ती डब्यातून गल्ल्यात टाकायला लावी.

मी चिडायचो, "टपरी माझीच हाय ना गो?"

"मग तिला लुटतोस कशाला?"

हळूहळू दूधवाल्याची बाकी फिटली. मग बायको गेली.

दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंडाशेजारी टपरीवरचा चहा ठेवला. कावळा शिवेना. भाऊबंदांनी पोरांना सांभाळायची वचनं दिली, तरी शिवेना. मला एकदम आठवलं. मी ओरडलो, "तुझ्या चहाचे दहा रुपये गल्ल्यात टाकतो गो, घरच्या डब्यातनं!"

कावळा उतरला.

संध्याकाळी दहा रुपये टाकले. ती असताना कधी पुरला नाही तो पगार. आता मेला दर आठवड्याला उरतो.