काच वाळेपर्यंत

ताईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटोत त्यांच्या बाथरूममधली आंघोळीच्या जागेची काच होती, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली.

"काल तू गेल्यावर काढलाय. पुसली होतीस?"

"पुसली, ताई."

"खोटं नको बोलू. एक तारखेपासून दुसरी बाई बघते मी."

त्या घराचं काम गेलं असतं तर पाथर्डी फाट्यावर मला नवीन घरं शोधत फिरावं लागलं असतं, आणि अनोळखी दारात उभं राहून बोलणं मला जमत नाही. काच मी रोज साबणाने घासायचे. माझ्या डोळ्यांदेखत ती लख्ख व्हायची. मग हे डाग आले कुठून? मी गेल्यावर ताईच मुद्दाम पाणी उडवत असतील, मला काढायला निमित्त हवं असेल, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी काच धुतली आणि भांडी घासायला गेले. तासाभराने बादली न्यायला आले तर तेच ठिपके. मधे बाथरूममध्ये कुणीही गेलं नव्हतं. तेव्हा कळलं, काच ओली असते तोवर डाग दिसतच नाहीत.

मी काम करते त्या दुसऱ्या घरातल्या आजी पाण्याच्या किटलीतला असाच पांढरा थर व्हिनेगर टाकून काढतात. इथलंही तसंच क्षाराचं, बोअरचं पाणी. धीर करून मी ताईंकडे व्हिनेगर मागितलं.

"कशाला?" त्यांनी बाटली दिली, पण मागोमाग आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

व्हिनेगरने संगमरवर खराब होतो, म्हणून उंबऱ्यावर थेंब पडू नये यासाठी मी तिथे जुना टॉवेल पसरला. व्हिनेगरमध्ये तितकंच कोमट पाणी घालून फडकी भिजवली, एक नळाला गुंडाळलं, बाकीची काचेच्या फक्त उजव्या अर्ध्या भागावर चिकटवली. वीसेक मिनिटं मधेमधे ओली करत राहिले.

व्हिनेगरच्या वासाने हॉलमधून ताईंच्या सासूबाई ओरडल्या, "बाथरूममध्ये चायनीज करताय काय गं?"

ताई हसल्या नाहीत. मी फडकी काढून मऊ कापडाने घासलं, साध्या पाण्याने धुतलं. सगळी काच सारखीच चमकायला लागली.

"धुतल्यावर रोज अशीच तर दिसते," ताई म्हणाल्या.

"वाळू द्या. जाऊ नका."

इतकं मोठ्याने मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. आम्ही दोघी काचेकडे बघत राहिलो. पाणी आटलं तसे डावीकडे ठिपके उमटले. उजवीकडे काहीच नाही. ताईंनी नखाने खरवडून पाहिलं.

"मग इतके दिवस का नाही केलंस?"

"मला तरी कुठं माहीत होतं?"

त्यांना खरं वाटलं की नाही, सांगता येत नाही. "उरलेली कर," म्हणाल्या. "आणि आंघोळ झाली की कोरड्या फडक्याने पुसायचं, हे मी घरात सांगते."

एक तारखेला दुसरी बाई आली नाही. ताई अजून काचेवर बोट फिरवून बघतात. मीही काच वाळेपर्यंत त्या घरातून निघत नाही.