कायम पस्तिशीतला कोरडे

हेरगुरुजी शाळेत फळ्यावर रोज ठसठशीत तारीख लिहीत, पण गोष्टीत साल लिहायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. पारनेरच्या शाळेत चौथीला ते आम्हाला होते. शाळा सुटली की धोतराचा सोगा सावरत सायकलवर टांग मारायची, सदऱ्याच्या खिशातला मोबाईल पडू नये म्हणून एक हात छातीशी धरायचा आणि घर गाठायचं, अशी त्यांची मूर्ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरी गेले की गुप्तहेर कोरडेच्या गोष्टी लिहायला बसायचे. एसटी स्टँडवर मिळणारी ती पातळ पुस्तकं आमच्या भागात भाकरीबरोबर वाचली जायची.

कोरडे पहिल्या पुस्तकात पस्तिशीचा होता आणि शेवटच्या पुस्तकातही पस्तिशीचाच राहिला. मधल्या काळात गुरुजी निवृत्त झाले, आजोबा झाले, दातांची कवळी आली. त्याचं गुपित त्यांनी मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. "सुमे, साल लिहायचं नाही. पंतप्रधानाचं नाव लिहायचं नाही. चहाचा भाव तर मुळीच लिहायचा नाही. पुस्तक ज्या दिवशी वाचशील तो आजचा दिवस. आज पुढं सरकला की कोरडेचा जन्मही मागनं गुपचूप पुढं सरकतो." गुरुजींच्या बायको, आमच्या काकू, आतून म्हणायच्या, "आन् आमी तेवढ्या म्हाताऱ्या व्हायचं!"

वय असं लपवता येतं, पण यंत्रं चुगली करतात. सुरुवातीच्या गोष्टींत कोरडे ट्रंककॉल लावून ताटकळत बसायचा. पुढे तो एसटीडीच्या काचेच्या खोपटात शिरला, मग कमरेला पेजर लावला आणि एके दिवशी त्याच्या हातात मोबाईल आला. गुरुजींना मोबाईलचा मनस्वी राग. "खून झाला की टॉवरवरून कोण कुठं होतं ते कळतंय. हेरानं काय करायचं, शेंगा सोलायच्या?" मग त्यांनी तोड काढली. त्यांचे खून रेंज नसलेल्या दऱ्याखोऱ्यांत व्हायला लागले.

काष्टीच्या बाजारात नामदेवतात्या म्हणून बैलांचे दलाल होते, कोरडेचे कट्टर वाचक. गुरुजी दिसले की बाजार सोडून यायचे. एकदा म्हणाले, "गुरुजी, तुमचा कोरडे लई गुनाचा हाय, पन त्याचे दात दावा एकदा. माजं बारकं पोरगं बाप झालं, तरी ह्यो पस्तिशीचाच?" गुरुजी कोड्यात पडले. तात्याच हसून पुढं म्हणाले, "चालतंय वो. बैलाचे सगळे दात आले, तो जुळला, की पुढं वयाचा अदमास लागत न्हाई लवकर. म्हून तर इकनारा धा वर्सं म्हनतोय, आत्ताच जुळलाय!" गुरुजींना ते इतकं आवडलं की पुढं कुणी कोरडेचं वय विचारलं, की ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "आत्ताच जुळलाय."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण गुरुजींचे डोळे जायला लागले. मी तोवर पुण्यात एका प्रकाशकांकडे संपादनाचं काम करत होते. सगळा कोरडे एकत्र, चांगल्या कागदावर छापलेला, आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा एवढीच त्यांची इच्छा उरली होती. प्रकाशक तयार झाले, पण एका अटीवर. सुटी पुस्तकं वर्षाआड हातात येत होती तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. ती शेजारी शेजारी ठेवली की हा माणूस पन्नास वर्षं पस्तिशीत कसा, हे शेंबडं पोरही विचारणार. याचा उलगडा करा, नाहीतर जुन्या गोष्टींत मोबाईल घाला.

गुरुजींनी खरंच घालून बघितला. 'ट्रंककॉल' ही त्यांची पहिली गोष्ट. तिच्यातला खुनी म्हणतो, मी त्या रात्री सोलापूरहून फोन केला होता, आणि कोरडे त्याला टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईंच्या साक्षीवरून पकडतो, कारण सोलापूरची लाईन त्या दिवशी बंदच होती. गुरुजींनी खुन्याच्या हातात मोबाईल दिला आणि गोष्ट तिसऱ्या पानावर संपली. बाई गेल्या, लाईन गेली, कोरडेची हुशारीही गेली. गुरुजी मला म्हणाले, "अगं, मी कोरडेलाच मारला की!"

दुसरे मार्गही आम्ही चाचपून पाहिले. कोरडेला खऱ्या हिशेबानं म्हातारा करावा, तर अलीकडच्या गोष्टीत तो ऐंशी पार करून भिंतीवरून उड्या मारणार. सगळं एकाच जुन्या काळात बसवावं, तर पेजर आणि मोबाईलच्या गोष्टी फेकून द्याव्या लागणार. हा धाकटा कोरडे, पहिल्याचा मुलगा, असं म्हणावं, तर बापाच्या ओळखीची माणसं त्याला जुना दोस्त म्हणून मिठी कशी मारणार? त्यात कोरडेचा डावा कान. पहिल्या पुस्तकात तो एकाहत्तरच्या युद्धात बहिरा झाला होता. नंतर गुरुजींनी शहाणपणानं नुसतं 'सीमेवर' असं लिहिलं. पण कारगिलच्या वेळी त्यांच्या अंगात आलं आणि त्यांनी तोच कान कारगिललाही बहिरा केला. एक कान, दोन युद्धं. प्रकाशकांनी त्याच्यावर लाल खूण केली होती.

तोड काकूंनी काढली, तीही भांडता भांडता. गुरुजी त्यांच्या लग्नाची गोष्ट मला सांगत होते, की वऱ्हाड टेम्पोतून आलं. काकू कडाडल्या, "टेम्पो कुटला? बैलगाड्या हुत्या! ह्यांच्या गोष्टीत मी अजून अठराचीच हाय, आन् वऱ्हाडाला दर सालाला नवी गाडी!" गुरुजी माझ्याकडे वळले. मग एकदम म्हणाले, "सुमे, कोरडेच्या गोष्टी सांगतो कोण?"

सांगतो बाळू. कोरडेचा मदतनीस. पहिल्या पुस्तकापासून प्रत्येक गोष्ट 'मी बाळू' अशीच सुरू होते. गुरुजी बोलत गेले आणि मी लिहून घेतलं, कारण त्यांना अक्षर दिसत नव्हतं. त्या प्रस्तावनेत बाळू म्हातारा झाला आहे. तो सांगतो, की साहेबांबरोबर मी थोडीच वर्षं होतो, गोष्टी मात्र जन्मभर सांगत आलो. ज्या साली सांगितली, त्या सालचा फोन साहेबांच्या हातात दिला, नाहीतर समोरच्या पोरांना ते परके वाटले असते. कान कोणत्या लढाईत गेला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लोक ज्या लढाईबद्दल बोलत होते ती मी जोडली. खून खरे, खुनी खरे, फक्त घड्याळ माझं. आणि शेवटचं वाक्य गुरुजींनी हळू, एकेक शब्द करून सांगितलं. "साहेब पस्तिशीचे होते तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं, त्यापुढं त्यांना म्हातारं करायचा मला काय अधिकार?"

जुन्या गोष्टींतला एक शब्दही बदलावा लागला नाही. ट्रंककॉल राहिला, दोन्ही युद्धं राहिली. पुस्तकं आली तेव्हा गुरुजींना कव्हरवरचा लाल रंग तेवढा दिसला. त्यांनी एकेक खंड हुंगला, मांडीवर रचला आणि काकूंना म्हणाले, "बघ, आत्ताच जुळलाय." त्याच हिवाळ्यात ते गेले. मला फार पोरकं वाटलं, अजून वाटतं.

हे लिहून झाल्यावर माझ्या थोरल्या भावाला वाचायला दिलं. तोही त्यांचाच विद्यार्थी. पहिल्याच परिच्छेदाला तो अडला. "सुमे, आपण चौथीत होतो तेव्हा मोबाईल कुणी पाहिला होता? गुरुजींच्या खिशात चष्म्याचं घर असायचं. आणि मोबाईल आला तेव्हा सायकल कधीच विकली होती त्यांनी."

खरं आहे त्याचं. मी पेन उचललं होतं. मग ते वाक्य तसंच राहू दिलं.