डाव्या पायाची तालीम

माझ्या थोरल्या मुलीच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक खूण आहे. ती माझ्यामुळं झाली. लोक देवीचा व्रण समजतात आणि मी त्यांना समजू देते. आता म्हातारपणी लिहायलाच बसले आहे, तर इथं तरी खोटं नको.

माझं माहेर करमाळ्याकडचं. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मालक, म्हणजे माझा नवरा, गिरणीत कामाला होते आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, पेठेतल्या तालमीचे वस्ताद होते. आमचं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. माळवदावर जायला भिंतीच्या पोटातून दगडी जिना होता. भर दुपारीही त्या जिन्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. वर धान्य वाळत घातलेलं असायचं, त्यामुळं दिवसातून चार वेळा चढउतार ठरलेली. दसऱ्यानंतर एकदा सात महिन्यांची पोर कडेवर घेऊन मी उतरत होते. शेवटून तिसऱ्या पायरीवर डावा पाय आतल्या अंगाला मुडपला आणि आम्ही दोघी खाली आलो. ती आधी रडली नाही. ते दोन श्वास मी अजून विसरलेले नाही. मग रडली, आणि तिच्या कपाळातून रक्त आलं.

पोरीची जखम पंधरा दिवसांत भरली. माझा घोटा मात्र हंड्याएवढा सुजला. मामंजींनी लेप सांगायचा, आत्याबाईंनी लावायचा, असं चाललं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आंबेहळद आणि तुरटीचे लेप लागले, पट्टे बांधले, आणि दोन महिन्यांनी सूज उतरली. दुखणंही गेलं. पण पाय काही माझा राहिला नाही. अंगणात साधा खडा पायाखाली आला तरी घोटा कलंडायचा. एकदा रिकामी घागर घेऊन पडले, एकदा नुसतीच पडले. त्या दिवशी मामंजी आत्याबाईंना म्हणाले, "पोरगी तिच्या कडंवर द्यायची न्हाय. बसल्यावर मांडीवर द्या, दूध पाजू दे. उभी असताना न्हाय."

मला राग आला, पण बोलायची सोय नव्हती. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून उभी राहायची आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. शिवाय खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. पोर मांडीवर यायची, प्यायची, आणि पोट भरलं की आत्याबाई तिला उचलून न्यायच्या. माझी मांडी तेवढी तिची उरली.

संक्रांतीनंतर मामंजींनी ठरवलं, पायाला तालीम द्यायची. "हाड जाग्यावर हाय," ते आत्याबाईंना म्हणाले, "पाय उभं ऱ्हायाचं इसरलाय. पैलवानाचा मुडपलेला पाय मी असाच परत शिकवतो." पण पैलवान समोर उभा करता येतो, सून कशी करायची? म्हणून त्यांनी तोड काढली. सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी खोलीत, मी भिंत एका अंगाला घेऊन दाराकडं तोंड करून उभी राहायची, ते माझ्याकडं पाठ करून दाराशी उभे राहायचे, आणि जे सांगायचं ते आत्याबाईंना सांगायचं. मी तीन हातांवर होते. सगळं मला स्पष्ट ऐकू यायचं. तरी आत्याबाई प्रत्येक वाक्य मला पुन्हा सांगायच्या, आणि आम्ही तिघंही हे गंभीरपणे करायचो.

"तळहात भितीला टेकव म्हनावं. अनवाणी पाय. उजवा पाय ईतभर उचल, जास्ती न्हाय. डाव्याला चिकटवू नको. गुडघा ताठ करू नको, कंबर एका अंगाला पाडू नको. टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, तिन्ही भुईला लागू देत."

मग ते मोजायचे. तरुणपणी अक्कलकोटकडच्या आखाड्यात घडल्यामुळं त्यांचे आकडे कानडीत होते. ओंदु, एरडु, मूरु. मला कानडी येत नव्हतं, पण वीस म्हणजे इप्पत्तु हे मी आठवड्यात शिकले, कारण इप्पत्तु आलं की पाय टेकायला मिळायचा. मग तेच उजव्या पायावर. दोन्ही पायांना सारखी तालीम, असा त्यांचा कायदा होता.

तळहातावरून मी चार बोटांवर आले. चार बोटांवरून एका बोटावर. इथं मामंजींनी भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला ओल्या गेरूचा पट्टा ओढायला लावला. बोट नुसतं टेकलं तर टोकाला ठिपका लागायचा, जोर दिला तर पेरभर लाल व्हायचं. मोजणी संपली की आत्याबाई माझं बोट बघायच्या आणि दाराकडं ओरडून सांगायच्या, "लई लाल हाय!" त्यात त्यांना थोडी मजाही येत असावी. ठिपका येईपर्यंत पंधरा दिवस गेले.

मग बोटही काढायचं होतं, आणि तिथं सगळं अडलं. ऐदु म्हणजे पाच. ऐदुपर्यंत मी कशीबशी राहायचे, मग अंग कलायचं आणि उजवा पाय धपकन खाली. सकाळी, दुपारी, रोज, तीन आठवडे. आरु, म्हणजे सहा, झालं नाही, असं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नाकु, चारच. मामंजी चिडत. मी कामचुकारपणा करते असं त्यांना वाटलं, मग लेप पुन्हा सुरू झाला, मग तोही थांबला. एका संध्याकाळी मी चुलीपाशी होते आणि ते बाहेर आत्याबाईंना हळू म्हणाले, "पायाचं काय खरं न्हाय. पोरगी तुझ्याच कडंवर वाढू दे." मी भाकरी थापत होते. ती भाकरी हातातच फाटली. मी पिठाचा गोळा पुन्हा केला आणि पुन्हा थापली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐदु आणि धप्प. मामंजींनी मोजणं सोडलं. मग दाराकडं तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "उभी ऱ्हाती तवा ही बघती कुटं?"

आत्याबाईंना प्रश्नच कळेना. "कुटं बघनार? खाली. स्वताच्या अंगठ्याकडं. सून हाय की ती."

 मग मामंजींनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. तो आवाज मी ऐकला. "तालमीत पैल्या दिवशी सांगतो मी, मान सरळ, नजर समोर एका जागी. खाली बघनारा पडतोच. आन हितं तीन आठवडं मी पायाला शिव्या दिल्या."

म्हणजे माझा पाय चुकत नव्हता, माझी मान चुकत होती. लाजेनं खाली घातलेली मान. त्यांनी पाठ केली होती म्हणून त्यांना ती दिसली नाही, आणि त्यांनी पाठ केली असूनही मी ती वर केली नाही. आम्ही दोघांनी रीत इतकी चोख पाळली की माझी पोर माझ्या हातून जायची वेळ आली.

पण वर बघायचं तर कुठं? समोर दार, दारात सासरे. मामंजींनी डोक्याचा फेटा उतरवला आणि मागं न बघता हात लांब करून तो दाराशेजारच्या खुंटीला अडकवला. खुंटी बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत होती. "ह्याच्याकडं बघ म्हनावं. ह्यो फेटा हाय, मी न्हाय." ते स्वतः उघड्या डोक्यानं सोप्याबाहेर जाऊन उभे राहिले. ते सुनेसमोर उघड्या डोक्यानं उभे राहिल्याचं मी आयुष्यात तेव्हाच पाहिलं. मी मान वर केली. पदर मागं सरकला, तो मी सावरला नाही.

पाचव्या दिवशी इप्पत्तु ऐकलं. आत्याबाईंनी भिंतीवरचा गेरू पुसून टाकला.

मला वाटलं, संपलं. मामंजी म्हणाले, "आता डोळं मिटून." मी मनात त्यांना नको ते बोलले. त्यांनी पहिल्यांदाच कारण सांगितलं, आत्याबाईंमार्फत: पोर कडेवर असली की बाईला स्वतःची पावलं दिसत नाहीत, आणि त्या जिन्यात तर काहीच दिसत नाही. तिथं पायानं पायापुरतं स्वतःच बघायला हवं. 

पुन्हा पहिल्यापासून. दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभी राहायची, म्हणजे पडले तर भिंतीवर. आत्याबाई हाताच्या अंतरावर. आधी एक बोट टेकवून डोळे मिटायचे, मग बोट काढायचं. डोळे मिटले की सोपा फिरायला लागायचा. घोट्यात सारखी कुरबुर चालायची, टाच आणि बोटं आपापसात भांडत असल्यासारखी. मी ते थांबवायला अंग ताठ केलं की पडायचे. "हालू दे त्याला," मामंजी म्हणायचे, "ते हालनंच त्याचं काम हाय." हद्द त्यांनी अशी घातली: मिटल्या डोळ्यांनी चांगला पाय जितकं मोजू देईल, तितकं डाव्यानं तीन दिवस ओळीनं द्यायचं. चांगल्या पायालाही हे सोपं नव्हतं, तो सोळा-सतराला डुगडुगायचा. एकदा मी लबाडी केली. उजव्यावर उभी असताना दहालाच पाय मुद्दाम खाली टेकला, म्हणजे हद्द खाली येईल. मामंजी लगेच म्हणाले, "पडलेल्या पायाचा आवाज येगळा, टेकलेल्याचा येगळा. पुन्हा." मी लाजेनं लाल झाले. आत्याबाईंनी ते त्यांना सांगितलं नाही.

रामनवमी उलटल्यावर तो तिसरा दिवस आला. उजवा अठरा, डावा अठरा, आणि मग वीस. मामंजी मोजणं थांबवून म्हणाले, "दे तिला पोरगी," आणि तालमीला निघून गेले.

आत्याबाईंनी आतून पोर आणली. एक वर्षाची झाली होती. तीन महिने मी याच घडीसाठी भिंतीशी उभी होते. मी हात पुढं केले, तिला घेतलं, कडेवर बसवलं. वजन वाढलं होतं. डावा पाय भुईवर पक्का होता, मला तो जाणवत होता, टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. आणि पोरीनं माझ्याकडं पाहिलं, ओठ काढला, आणि जोरात रडून आत्याबाईंकडं दोन्ही हात पसरले. बसलेली आई तिला ठाऊक होती. उभी आई तिच्या ओळखीचीच नव्हती.

 मी पोर परत करायला निघाले होते, हेही लिहून ठेवते. आत्याबाईंचे हातही आपोआप पुढं आले होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पोर त्यांच्याकडं झेपावत रडत राहिली, आणि मी तिला घट्ट धरून उभी राहिले.