तीन बिलांचा तक्ता

शेलूबाजारला स्प्रिंकलरच्या पाइपांच्या दुकानात मी हिशोब लिहायची. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली आणि अकोल्याच्या पुरवठादारानं माल थांबवला. त्याच्या खातेउताऱ्यात आमच्याकडे आमच्या वहीपेक्षा बेचाळीस हजार आठशे रुपये जास्तीचे निघत होते.

मालकांनी उतारा माझ्यापुढे ठेवला. "ताई, पैसे तुमच्याच हातानं जातेत. मंग हे कुठी गेले?"

घरी माझ्या एकटीच्या पगारावर चूल पेटत होती. चोरीचा ठपका घेऊन इथून निघाले, तर या बाजारात दुसरं कोण ठेवणार होतं?

आधी बँकेतून गेलेली प्रत्येक रक्कम उताऱ्याशी ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या. मग बिलांची फाइल काढली. बाहेर शेतकरी पाइपासाठी ताटकळत होते आणि मालक त्यांना काहीबाही सांगत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन बिलं सापडली. तिसऱ्यात चूक माझीच होती.

ईमेलात लिहिलं: 'खालील तीन बिलांच्या रकमा जुळत नाहीत. मूळ बिलं आणि क्रेडिट नोट जोडली आहे. कृपया दुरुस्ती करून सुधारित उतारा पाठवावा.' खाली तक्ता:

| बिल | तुमचा उतारा | आमची नोंद | बरोबर रक्कम | दुरुस्ती |
|---|---|---|---|---|
| २१२ | ८४,६०० | ४८,६०० | ४८,६०० | आकडे उलटे पडले. तुम्ही ३६,००० कमी करावेत |
| २४७ | ३६,२५० | ३१,२५० | ३१,२५० | परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट; तुम्ही ५,००० वजा करावेत |
| २६३ | २४,२०० | २२,४०० | २४,२०० | चूक आमची. आम्ही १,८०० वाढवले |

मालक मागून वाचत होते. "आपली चूक कायले लिहून राह्यल्या? त्यायले आयतंच सापडन."

"हे लपवलं तर बाकीचे दोन तरी कोण खरे मानन, भाऊ?"

ते बाहेर शेतकऱ्यांकडे गेले. मी ईमेल पाठवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

दोन दिवस उत्तर नाही. मी तो ईमेल पुन्हा पुन्हा उघडून आकडे तपासत होते. जेवणाचा डबा तसाच घरी जायचा. तिसऱ्या दिवशी पुरवठादाराकडच्या हिशोबाच्या बाईंचा फोन आला. "मॅडम, दोनशे बाराची एंट्री माझीच. साहेबांना अजून सांगितलं नाही." त्यांचा आवाज माझ्यासारखाच घाबरलेला होता. संध्याकाळी सुधारित उतारा आला. फरक शून्य. आमच्याकडचे अठराशे मी लगेच पाठवले.

दुसऱ्या दिवशी पाइपांची गाडी लागली. मालकांनी माझ्यासाठी चहा मागवला, पण 'हे कुठी गेले' या प्रश्नाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी वर्षभर तिथंच राहिले. पैसे पाठवताना मात्र दरवेळी त्यांना शेजारी बसवून घ्यायची.